घरचं सोनं

सोनं वितळवायचं असलं की बाबा आधी ग्राहकाचं स्टूल मुशीसमोर ओढत. "बसा, बघा. वितळलं तरी सोन्याने घर बदलू नये," म्हणत, आणि मगच फुंकणी तोंडाला लावत.

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते हे माझे बाबा. रत्नागिरीच्या बाजारात आमचं दोन माणसं बसतील एवढं दुकान होतं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, मी घरातला पहिला पदवीधर. मला त्यांनी सोनारकामाच्या पाटावर बसू दिलं नाही. डोळे जातात म्हणायचे.

तुमच्यापैकी रत्नागिरीतल्या राजिवड्याकडच्या कुणी आमचं बदामाच्या आकाराचं पदक पाहिलं असेल. समोरासमोर दोन मोर, कडेने सोन्याचे बारीक रवे. काशाच्या ठशावर कागदासारखा पातळ पत्रा ठोकायचा, मागून लाख भरायची आणि बंद करायचं. दिसायला भरीव, सोनं थोडं. आजीचं पदक मोडून नातीच्या लग्नात त्याच सोन्याचं नवं घडवायचं, अशी रीत होती. बाबांच्या त्या म्हणण्याला त्यामुळेच अर्थ होता.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हातोडी ठशावरून घसरे, पत्रा फाटे. "हात आता स्वतःचंच ऐकतो," ते हसून सांगत.

पदक बंद पडू नये म्हणून मी मुंबईला जाऊन कॅड, म्हणजे संगणकावर दागिन्याचा नमुना काढणं, शिकलो. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. पदक स्कॅन केलं, व्हर्निअरने मापं घेतली, एका मोराच्या रेषा काढून दुसरा आरशासारखा उलटा केला. पण अशा नमुन्यावरून पदक साच्यात ओतावं लागतं, आणि ओतीव काम ठोकीव कामासारखं पातळ होत नाही. साच्यात सोनं वाटेतच गोठतं. जाडी वाढवली तर वजन दुप्पट होई. म्हणून मी मागची बाजू उघडी ठेवली, मोरांमधल्या जागेत जाळी कापली आणि आकसण्याचा हिशेब धरून मापं किंचित वाढवली. वजन जुन्याच्या जवळ आलं.

बाबांना पडद्यावर पदक फिरवून दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "पुरे, त्याला घेरी येईल." चुकलेली रेघ एका बटणाने मागे येते, हे मात्र त्यांनी मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं.

पहिलं काम राजिवड्याच्या एका भाभींचं. त्यांच्या आईचं पदक बाबांनी त्यांच्यासमोर मोडलं, लाख काढली, सोनं वितळवून लगड केली. ती लगड आणि माझ्या नमुन्याची सीडी मुंबईच्या कारखान्यात गेली. पदक आलं ते चकचकीत, मोर अगदी सारखे. भाभींनी ते तळहातावर धरलं.

"शेट, ह्यात आमचाच सोना हाय ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कारखान्याची पद्धत सांगितली. मेणाची बरीच पदकं एका दांडीला फांद्यांसारखी जोडतात, भोवती प्लास्टरसारखा लगदा ओततात, भट्टीत मेण जाळतात आणि रिकाम्या जागेत एकदम सोनं ओततात. सगळ्यांचं सोनं एकाच मुशीत.

"मंग माज्या आयचा पदक गेला कुठं?"

"दहा जणींच्या गळ्यात गेलं, भाभी," बाबा म्हणाले. "मला परत आणता येणार नाही."

भाभी रागावल्या नाहीत. पदक रुमालात बांधून गेल्या. बाबांनी ग्राहकाचं स्टूल भिंतीला लावून ठेवलं.

त्याच आठवड्यात बाबांनी माझ्या आईचं पदक माझ्या हातात दिलं. "एकटंच ओतून बघ. जमलं तर बाजारात सांगेन."

मी कारखान्यात उभा राहून ते ओतवून घेतलं. पुन्हा ओतवलं. तोपर्यंत बाबा रोज दुकान उघडत, पण नवं काम घेत नव्हते, असं आई फोनवर सांगायची. पुढे ते उघडेनासे झाले. आज तिथे मोबाइलचं दुकान आहे, आणि बाबा नाहीत.

मी त्यांना तेव्हा पाठवलेलं पत्र असं होतं:

"ती. बाबांस साष्टांग नमस्कार. एकटं पदक ओतून होत नाही. थंड होताना सोनं आकसतं, तेव्हा मागून भर घालायला पदकाच्या वजनाहून जास्त सोनं साच्याच्या तोंडाशी, वरच्या गोळ्यात लागतं. ते बाहेरून घ्यावं लागेल. आपल्याच सोन्यात भागवलं तर मोराची मान भरत नाही. जुन्या जोडांतला हलका धातू मिसळल्याने भोकंही पडतात. शुद्ध करून पाहिलं, भोकं गेली. मान तशीच राहिली. याच्या पुढचं मला येत नाही.

तुटकं पदक आणि सोनं आत जाण्याच्या वाटेत गोठलेली, कापलेली नळी एका पुडीत बांधली आहे. कानसेचा कीसही त्यातच आहे. दुसऱ्या कुणाच्या सोन्याला लागू दिलेलं नाही. पुडी पोस्टाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येतो. आईला सांगा, पदक गेलं. सोनं घरचंच आहे."