सोळा फुटांचा हॉल आणि फूटभर दांडी

सासऱ्यांच्या सोळा फूट उंच हॉलमध्ये मी फूटभर दांडीवर पंखा लटकवला. डोंबिवलीत माझं स्वतःचं पंख्यांचं दुकान आहे, हे इथेच सांगून टाकतो. नंतर कुणीतरी सांगणारच.

त्याचं असं झालं की आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक फ्लॅटमधलं. तिथे छताची उंची नऊ फूट, फार तर साडेनऊ. खोक्यात पंख्यासोबत जी फूटभर दांडी येते, ती तिथे बरोबर बसते. त्यामुळे दांडी ही निवडायची गोष्ट असते हेच मी विसरून गेलेलो. मी गिऱ्हाइकाला फक्त खोलीची लांबी-रुंदी विचारायचो. लहान खोली असेल तर छत्तीस इंची पंखा, नेहमीच्या खोलीला अठ्ठेचाळीस, मोठ्या हॉलला छप्पन्न. वर किती मोकळं आहे, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

सासऱ्यांचं गाव आंबिवलीच्या पुढे. पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, मग त्या जमिनीचं सोनं झालं, आणि सासऱ्यांनी बंगला बांधला. हॉलचं छत थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलेलं, कारण शेजारच्या भावकीचं तसं होतं. मेव्हण्याची हळद याच हॉलमध्ये नाचायची, हे त्यांनी पाया खणतानाच ठरवलेलं. पंख्याचं काम जावयाकडे दिलं, म्हणजे मान दिला. हळदीला आलेल्या पाहुण्यांना ते सांगणार होते की पंखे आमच्या जावयाने लावले. एवढंच त्यांना हवं होतं, आणि मलाही.

सासूबाईंची खोली मी झकास केली. ती पोटमाळ्याखाली, उंची जेमतेम आठ फूट. तिथे फुटाची दांडी लावली असती तर पाती डोक्याजवळ आली असती आणि लुगडं वाळत टाकायला हात वर करायची सोय राहिली नसती. म्हणून अर्ध्या फुटाची दांडी आणि छत्तीस इंची पंखा. पाती जमिनीपासून सात फुटांच्या वर राहिली, आणि छतापासूनही वीतभर अंतर उरलं. पंखा छताला चिकटवला तर त्याला वरून हवा ओढायला जागाच राहत नाही, नुसता गरगरतो. सासूबाई खूश झाल्या. त्या खुशीतच मी हॉलकडे वळलो आणि म्हटलं, इथे हॉल मोठा, तर छप्पन्न इंची. दांडी? खोक्यातली आहे ना.

वायरमन शिडीवर चढला तेव्हा त्याने एकदा खाली माझ्याकडे बघितलेलं. मी त्याला मान हलवून चालू दे म्हटलं.

पंखा चालू केला. साडेचौदा फुटांवर पाती मजेत फिरत होती. सासरे खाली सोफ्यावर पेपर घेऊन बसले. पेपरचं पान हललं नाही. त्यांनी ते स्वतः हलवून बघितलं, की पान जड आहे का. झरोक्यात एक कबुतर होतं, त्याची पिसं मात्र छान उडत होती.

आता आमच्या सासरी एक रीत आहे. सासरे जावयाला थेट काही बोलत नाहीत. जेवण वाढायचं असेल तरी मुलीला सांगतात, "त्यांना मासा दे." त्यामुळे त्या दिवशी ते वर पंख्याकडे बघत म्हणाले, "झ्याक झाला," आणि घाम पुसत मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. घरी पोचेपर्यंत बायकोला फोन येऊन गेलेला.

"बाबा म्हणतात, पंखा चांगला आहे," बायको म्हणाली. "कबुतरांना आवडलाय."

मग मी वहीचा कागद न घेता, भिंतीकडे बघत, पहिल्यांदा विचार केला. पंख्याचा घेर ठरतो खोलीच्या आकारावरून. दांडीची लांबी ठरते छताच्या उंचीवरून. ही दोन वेगळी कामं आहेत, एक दुसऱ्याच्या वतीने होत नाही. पंखा बसलेल्या माणसाच्या जवळ यायला हवा. सात फुटांच्या खाली येता कामा नये, आठ म्हणजे उत्तम. सोळातून आठ गेले, मोटर आणि कडीचे काही इंच वजा, साडेसात फुटांची दांडी. एवढी लांब दांडी तयार मिळेना, म्हणून विठ्ठलवाडीच्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पाइपची बनवून घेतली. रिक्षात ती दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. रिक्षावाल्याने विचारलं, झेंडा कुठला लावताय.

या वेळी मी सगळं नीट केलं. बोल्टला पिन घातली, आधाराला तारही बांधली. पंखा आठ फुटांवर आला आणि सासऱ्यांच्या हातातला पेपर उडून सोफ्यामागे गेला. ते वाकून शोधायला लागले, तेव्हा त्यांची पाठ हसताना दिसली. बायकोला फोन आला की त्यांना सांग, आता पंख्याखाली माणसं बसतील. थोडक्यात, मी जिंकलो.

हळदीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. बेंजो वाजत होता, पंखा घुमत होता, म्हाताऱ्या बायका त्याच्याखाली पाय पसरून बसलेल्या आणि मला जागेवरूनच आशीर्वाद देत होत्या. सासरे प्रत्येक पाहुण्याला हात वर करून पंखा दाखवत होते. मी खांबाला टेकून, विशेष काही नाही असा चेहरा करून उभा होतो.

तेवढ्यात नवरदेवाच्या मामाने नवरदेवाला खांद्यावर घेतलं.

घेणारच. या घरात हळदीला नवरदेव खांद्यावर गेला नाही असं कधी झालेलं नाही. माझ्या लग्नात मलाही घेतलेलं, मी घाबरून मामाचे कान धरलेले. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी पंख्याची उंची ठरवलेली जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी.

मामा नाचत नाचत हॉलच्या मधोमध निघाला. वर मेव्हणा, अंगभर हळद, दोन्ही हात हवेत. बेंजोपुढे माझं ओरडणं कुणाला ऐकू जाईना. मी हात हलवत राहिलो, आणि लोकांना वाटलं जावई पण नाचायला लागले.

सासूबाई बटणांच्या खाली बसलेल्या. त्यांनी उठून पंखा बंद केला आणि भावाला जिथे होता तिथेच थांबवलं. बेंजोवाला थांबला नाही, त्याचं काही बिघडलं नव्हतं. छप्पन्न इंची पंख्याला थांबायला बराच वेळ लागला. मग मामा पुढे सरकला, आणि मेव्हण्याने वर बसल्या बसल्या एक पातं धरून त्याला हळद लावली. सगळा हॉल हसला. पंखा उरलेली हळद बंदच राहिला, लोक घामाने भिजत नाचले, आणि तरी कुणी घरी जायला तयार नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी दांडी पाच फुटांवर कापून आणली, भोकं नव्याने पाडून. पाती आता साडेदहा फुटांवर आहेत. छप्पन्न इंची असल्यामुळे हवा खाली येते, पेपर उडत नाही पण पान हलतं. हात वर करून खांद्यावर बसलेला माणूसही सुखरूप जातो. मेव्हण्याला परत उचलून आम्ही ते तपासलं, अर्थात पंखा बंद ठेवून. एका पात्यावर हळदीची पाच बोटं अजून आहेत, सासूबाई पुसू देत नाहीत.

काम संपल्यावर मी शिडीवरून उतरलो. सासरे सोफ्यावर बसलेले, बायको बाजूला. मी वाट बघत होतो की ते तिला काय सांगतात. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाले,

"जावय, तुमी पंखे इका. लावाचा काम दुसऱ्याला द्या."