न हललेला चेहरा

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. एक डॉक्टर, दोन नर्सा, मी, आणि बारा खाटांचा एक वॉर्ड. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या बारा खाटांवर तीस-तीस पोरं असायची. एका खाटेवर दोन, बाकीची खाली सतरंजीवर.

थोरल्या नर्स विजयाबाई. नगरच्या, वडील कोर्टात कारकून. नर्सिंग शिकताना त्यांच्या मेट्रननं त्यांना बजावलं होतं, "चेहरा हा युनिफॉर्मचाच भाग आहे. तो चुरगळता कामा नये." बाईंनी ते शब्दशः घेतलं. रोग्यानं शिव्या दिल्या, पोर दगावलं, डॉक्टर ओरडले, बाईंच्या भुवईचा केसदेखील हलायचा नाही. गावातले लोक कौतुकानं म्हणायचे, बाईंचं काळीज दगडाचं हाय. मी जवळून बघत होतो, म्हणून मला माहीत होतं की ते दगडाचं नव्हतं. पोर दगावलं की बाई कापसाच्या डब्याचं झाकण इतकं दाबून धरायच्या की नखं पांढरी पडायची.

त्यांचे यजमान सुमंतराव गावच्याच हायस्कुलात मास्तर. एकदा माझ्याकडे खोकल्याचं औषध न्यायला आले आणि उगाच थांबून राहिले. मग म्हणाले, "नृसिंहराव, दवाखान्यात ही कशी असते हो?"

"शांत असतात."

"घरीही शांतच असते. आधी दुःखाचं काही सांगायची नाही, ते समजू शकत होतो. आता आनंदाचंही सांगत नाही. परवा माझ्या बहिणीला मुलगा झाल्याची तार आली. हिनं वाचली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. हिच्यासमोर बसलं की माझ्याच छातीत धडधडतं."

मी बाटलीवर बूच लावून दिलं.

दुसरी नर्स मनकर्णा. शेतकऱ्याघरची, तालुक्यातलीच. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, नवरा वारल्यावर सुईणपणाचं शिकून नर्स झालेली. ती बोलायची मोठ्यानं, हसायचीसुद्धा मोठ्यानं. पोर दगावलं तर त्याच्या आईला धरून बसायची, कधी डोळे पुसायची आणि पाच मिनिटांत पुढच्या खाटेवर सलाईनची सुई शोधत असायची. विजयाबाईंना ते पटायचं नाही. "मनकर्णा, रोग्यांसमोर असं बरं दिसत नाही," असं त्या दोनदा तरी म्हणाल्या होत्या.

गावापासून चार मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. दोन हजार माणसं माती आणि खडीवर. झोपड्या तिथंच, पाणी टँकरचं, ते उघड्या पिंपांत ओतलेलं. मे महिन्यात तिथं हगवण आणि उलट्यांची साथ आली. पोरं दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर वाढलेली, अंगात काही नव्हतंच. सकाळी उलटी सुरू झाली तर संध्याकाळपर्यंत डोळे खोल जायचे.

रंगुबाई नावाची बाई त्याच कामावरची. तिचा गोरक्ष तीन वर्षांचा. त्याला आणला तेव्हा अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. मनकर्णा त्या दिवशी लस टोचायला दुसऱ्या गावाला गेली होती. डॉक्टरांनी आणि विजयाबाईंनी दोन तास झटून शीर शोधली. अकराच्या सुमाराला पोर गेलं.

रंगुबाई ओरडली नाही. ती बाईंचा हात धरून बोलत राहिली, भराभर, एकसारखं. मी सलाईनची बाटली परत घेऊन येत होतो. दुरून मला तिचे ओठ हलताना दिसले, बाईंचा चेहरा दिसला, नेहमीसारखाच, इस्त्री केलेला. जवळ पोचलो तेव्हा फक्त बाईंचं "हो, हो" ऐकू आलं. रंगुबाईनं पोराला पदरात घेतलं आणि ती निघून गेली.

डॉक्टर हात धूत होते. त्यांचं लक्ष बाईंच्या गळ्यावर उडणाऱ्या शिरेकडे गेलं असावं, कारण त्यांनी काही न विचारता बाईंचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"नाडी एकशे अठरा," ते म्हणाले. "बाई, तुमचा चेहरा बघून मला वाटलं सत्तर असेल."

त्यांनी तिथंच ब्लडप्रेशर घेतलं. वाढलेलं होतं. तीन दिवसांनी पुन्हा दाखवा म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या पोराकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगुबाई परत आली. तिच्या खांद्यावर सहा वर्षांची मुलगी होती, मुक्ता. मनकर्णा धावत गेली, पोरीला खाली घेतलं, आणि तिथंच थबकली. मुक्ता वाटेतच गेली होती.

रंगुबाई विजयाबाईंसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाई, काल तुमाला सांगितलं हुतं की. मोठीला बी वांती लागलीय, तळ्यावर झोपडीत एकलीच हाय, जीप धाडा म्हनलं. तुमी व्हय म्हनला. मी गोरख्याला मातीत घालून रातभर जीपची वाट बघितली."

दवाखान्याची जीप आदल्या दिवशी दुपारभर आवारातच उभी होती.

विजयाबाईंचे ओठ हलले. मला वाटलं त्या काही सबब सांगतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मला आठवत नाही." आणि खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलणारं माणूस मी ओळखतो. त्यांच्या डोळ्यांत शोधाशोध होती, घरात हरवलेल्या किल्ल्या शोधताना असते तशी.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. मी सुया उकळत होतो, दार उघडं होतं.

"तिचे शब्द माझ्या कानावर पडले असणारच," विजयाबाई म्हणाल्या. "पण त्या वेळी माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. ओठ थरथरू द्यायचे नाहीत. डोळे भरू द्यायचे नाहीत. श्वास एकसारखा ठेवायचा. तेवढ्यात ती काय बोलली ते गेलं. हे काल पहिल्यांदा नाही झालं, मनकर्णा. पोरं गेल्यावर आया काय बोलल्या ते मला कधीच आठवत नाही. मला वाटायचं, मी खंबीर आहे म्हणून विसरते."

मनकर्णा म्हणाली, "पहिल्या वर्सी मी बी तसंच दाबून धरायची. भाकर जायची न्हाई. एक दिस एका बाईनं माझ्या तोंडावर थुकलं. माझं पोर मारलं म्हनली. आधी लई झोंबलं. मग मनात आलं, हिला दुसरं कोन हाय थुकायला? मी हाय म्हनून तिनं माझ्यावर थुकलं. तसं बघितल्यावर राग आलाच न्हाई. दाबावा लागला न्हाई, कारन आलाच न्हाई."

"म्हणजे स्वतःची समजूत घालायची?"

"समजूत खोटी असंल तर टिकत न्हाई, ताई. खरं असंल तेवढंच बघायचं, पर दुसऱ्या बाजूनं. दारातनं आत जातानाच मी म्हनते, ही पोरं माझ्या हातनं जात न्हाईत, ती तळ्यावरनंच अर्धी गेलेली येत्यात. माझ्या हातनं जी राहत्यात ती राहत्यात. आन जे जानार, त्याचं तोंड तरी कोनी ओलं केलं. हे आधी करावं लागतं. एकदा आतनं भरून आलं की मग जमत न्हाई. मग मी भाईर जाऊन रडून घेते."

"मुक्ताचं काय मग?" विजयाबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "तिच्याकडे कुठल्या बाजूनं बघू?"

"तिच्यात दुसरी बाजू न्हाई," मनकर्णा म्हणाली. "ते जसं हाय तसंच हाय."

विजयाबाईंना रडू आलं नाही. इतक्या वर्षांनी ते मागून मिळत नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि मनकर्णानं त्यांचा हात हातात घेतला.

मुक्ता गेल्याच्या तिसऱ्या दिवशी विजयाबाई तलावावर गेल्या. मला बरोबर घेतलं. रंगुबाई खडी फोडत होती, दोन्ही पोरं गेल्यावर तिसऱ्याच दिवशी, कारण न फोडून जाणार कुठं. बाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. मुक्ता माझ्यामुळे गेली." चेहरा हलत होता. गाल थरथरत होते, नाक वाहत होतं, आणि त्यांनी पुसलं नाही.

रंगुबाईनं हातोडी खाली ठेवली नाही. म्हणाली, "व्हय." आणि पुढचा दगड घेतला. बाई बसून राहिल्या. थोड्या वेळानं रंगुबाई बोलायला लागली, मुक्ताविषयी, ती काय खायची, कुठल्या गाण्याला हसायची. बाई ऐकत होत्या. माफी तिनं दिली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

परत येताना बाईंनी पिंपं बघितली. उघडी, तळाशी हिरवं. पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर महिन्याभरापूर्वी संपली होती, कामावरून कोणी ती दवाखान्यातून मागितली नव्हती, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. बाईंनी कामावरच्या मुकादमाला, पुंजारामला, सगळ्यांसमोर झापलं. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्याच संध्याकाळी पावडर गेली, पिंपांवर झाकणं आली.

मनकर्णाला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मला ती पिंपं ठावं हुती," ती म्हणाली. "दर आठवड्याला लस टोचायला जाताना बघत हुते. म्हनायची, दुष्काळ हाय, त्याला कोन काय करनार. त्येनं मला बरं वाटायचं. जिथं राग यायला पायजे हुता तिथं बी मी तेच केलं." त्या रात्री ती जेवली नाही, असं दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीनं सांगितलं.

साथ जूनमध्ये ओसरली. आमच्या वहीत त्या उन्हाळ्यात दगावलेली एकतीस पोरं आहेत.

विजयाबाईंचं ब्लडप्रेशर खाली आलं नाही. मेट्रनचा धडा त्यांनी पंधरा वर्षं गिरवला होता, तो एका उन्हाळ्यात पुसला जाणार नव्हता. पण आता कोणी आई बोलायला लागली की त्या स्टुलावर बसायच्या, डोळे भरले तर भरू द्यायच्या, आणि ती काय म्हणाली ते मला जसंच्या तसं सांगायच्या. कधी कधी आत जाण्याआधी दाराशी थांबलेल्या दिसायच्या, मनात काहीतरी जुळवत असल्यासारख्या. काही दिवशी जुळायचं, काही दिवशी नाही.

चौऱ्याहत्तरच्या शेवटी त्यांची राहात्याला बदली झाली. सुमंतराव सामान बांधताना मला भेटले. म्हणाले, ती आता घरी येऊन रडते, कधी तासभर. शेजारी काय म्हणतील अशी त्यांना काळजी होती. "पण मी बसतो तिच्याजवळ," ते म्हणाले, "बसवतं मला आता." बाई टेम्पोत पुढं बसल्या होत्या. मी त्यांना ब्लडप्रेशरच्या महिन्याभराच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या, आणि सकाळची एक चुकवू नका म्हणून सांगितलं.