डाग आणि सावली

एक्स-रेचं काम मी नांदेडला शिकलो. आमचे उस्ताद डार्करूममधल्या लाल दिव्याखाली ओली फिल्म डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "मियां, तिरछी पकडो. दाग चमकता, साया नै चमकता." फिल्म धुवायच्या औषधाचा डाग फिल्मच्या वर बसतो, म्हणून उजेडात तिरपी धरली की चमकतो. शरीराची सावली फिल्मच्या आत असते. नांदेडला गोदावरीचं पाणी होतं, नळाखाली अर्धा अर्धा तास फिल्म धुवायची चैन होती. तारेवर क्लिपांना टांगलेल्या त्या स्वच्छ फिल्मा आणि फिल्म पक्की करणाऱ्या हायपोचा आंबट वास मला आजही आठवतो. इतकं मन लावून पुढे कुठलंच काम माझ्या हातून झालं नाही.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी तिकडे बदली झाली. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पण पाणी काही आलं नाही. दुष्काळच होता. दवाखान्यात टँकर दिवसाआड यायचा आणि डार्करूमच्या वाट्याला दोन बादल्या. त्याच पाण्यात दिवसभराच्या फिल्मा बुचकळायच्या. डाग पडायचेच. डॉक्टर विचारायचे, मी "डाग हाय साहेब" म्हणायचो आणि काम पुढे सरकायचं.

एके दुपारी शिरूर अनंतपाळकडची एक बाई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. बाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. पोरगी गावात आलेल्या टँकरवर चढली होती, तिथून हातावर पडली. कोपर सुजलेलं.

"फोटोत दुखतंय का?" पोरीनं मला विचारलं.

"फोटोत न्हाई दुखत. हसायचं बी न्हाई, हलायचं बी न्हाई."

"मग कशाचा फोटो," ती म्हणाली. तेवढ्या काळजीतही तिची आई हसली.

मी एक फोटो समोरून काढला, एक कोपर काटकोनात वाकवून बाजूनं. हाड कुठंच तुटलेलं दिसेना. पण बाजूच्या फोटोत दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकामागे एक काळी पट्टी होती आणि पुढे शिडासारखा काळा त्रिकोण. डॉक्टर नवे होते, बाहेर रांग होती. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"डाग हाय साहेब. पाणी कुठंय धुवायला?"

मी फिल्म तिरपी धरली नाही.

डॉक्टरांनी मुका मार म्हणून कापडी पट्टी बांधली आणि चार दिवसांनी हात हलवायला सांगितलं.

दर बुधवारी नांदेडहून हाडांचे डॉक्टर यायचे. पुढच्याच बुधवारी ते दुसऱ्याच एका मुलाची फिल्म नव्या डॉक्टरांना समजावत होते. कोपराच्या मागची चरबी एरवी हाडाच्या खोबणीत लपलेली असते. सांध्यात रक्त साचलं की ती मागे ढकलली जाते आणि फिल्मवर काळी दिसते. मार लागलेल्या मुलात ती दिसली की हाडाची चीर दिसो न दिसो, मोडलं आहे असं समजून प्लास्टर घालायचं आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. मी दारात ओल्या फिल्मा घेऊन उभा होतो. पाकिटांच्या ढिगातून त्या पोरीची फिल्म काढली, खिडकीशी नेऊन तिरपी धरली. ती चमकली नाही.

तेव्हाच गावी निरोप धाडायला हवा होता. मी धाडला नाही.

आठवड्यानं बाई स्वतःच आली. नव्या फोटोत कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा तुकडा सरकलेला दिसत होता.

"चोळलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव साहेब. तेल लावून. हात मोकळा व्हावा म्हनून."

"मग पोरीचा हात तुम्हीच घालवला."

बाईनं पदर तोंडाला लावला. जुनी फिल्म माझ्या हातात होती. मी ती पाकिटात घातली आणि संध्याकाळी घरी नेली.

निवृत्तीनंतर अहमदपूरच्या एसटी स्टँडवर एक शिक्षिका दिसली. तिचा हात कोपरातून बाहेर वळलेला होता. विचारलं, तर टँकरवरून पडलेली ती पोरगीच निघाली. करंगळीला सतत मुंग्या येतात म्हणाली. "आई अजून म्हणते, मीच चोळून घालवला."

पुढच्या रविवारी फिल्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हातारी दारात बसली होती. मी सगळं सांगितलं आणि दाखवायला फिल्म उजेडात धरली. कमी पाण्यात धुतलेली ती फिल्म इतक्या वर्षांत तपकिरी झाली होती. आता खरेच डाग होते, सगळीकडे चमकत होते. ती काळी पट्टी मलाही सापडेना.

"मग म्या चोळलं ते?" म्हातारीनं विचारलं.

"मावशी, हाड त्याच्या आधीच मोडलेलं होतं. मी डाग म्हणालो नसतो तर प्लास्टर घातलं असतं. चोळायला हात तुमच्या हाती लागलाच नसता."

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आत हाक मारून लेकीला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाली, "आता परत सांगा. ही आत होती, हिनं ऐकलं न्हाई."