वर्षाला एक मणी

बाळा,

तुझं पत्र पोचलं. लष्कराच्या डेपोतून लढाईच्या कामाचे म्हणून जे एकरकमी चारशे मिळाले, त्या सगळ्याच्या पाटल्या करून नातसूनबाईच्या हातात घालाव्यात, असं तुझ्या मनात आहे. सोनं कधी खाली येत नाही, असंही लिहिलंयस. आणि शेवटी लिहिलंयस, आजोबा, तुम्ही मास्तर होतात, तुमचं मत कळवा.

मास्तर होतो म्हणून मत विचारू नकोस. सातवी पास झालो आणि दुसऱ्या वर्षी त्याच सातवीच्या पुस्तकांवर पोरांना शिकवायला लागलो, एवढंच माझं शिक्षण. या बाबतीत तर मी दोनदा नापास झालोय. ते दोन्ही लिहितो. सूनबाईला सातवा महिना आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. नाहीतर हल्ली आठ आठ दिवस दौतीला हात लागत नाही.

तुझ्या आजीची एक रीत होती. तिच्या आईची होती, तीच तिनं चालवली. सुगी झाली, नवा तांदूळ घरात आला, की म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे पदराला बांधून ती लोणावळ्याला जायची आणि सराफाकडून सोन्याचा एक मणी घ्यायची. एक मासा वजनाचा, बिननक्षीचा. बारा माशांचा तोळा, तेव्हा बारा वर्षांत एक तोळा. मी म्हणायचो, या चालीनं जाशील तर म्हातारपणी गळ्यात माळ येईल. ती म्हणायची, "मग काय झालं? मान तवाबी असलच की."

त्या काळात मणी पावणेदोन-दोन रुपयांना यायचा. माझा पगार पंधरा. मला तो पैसा वाया गेल्यासारखा वाटे. एकदा वर्गात फळ्यावर मी गणितच घातलं : दोन रुपये शेकडा तीन व्याजानं वीस वर्षं ठेवले तर किती होतील? आणि दोन रुपयांचा मणी वीस वर्षं डब्यात ठेवला तर किती मणी होतील? पोरं ओरडली, "एकच!" मी घरी येऊन हे आजीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एकच ऱ्हाईल. पर ऱ्हाईल."

चोवीस मणी झाले, म्हणजे दोन तोळे, तेव्हाची गोष्ट. विलायत सरकारनं नोटेच्या बदल्यात सोनं द्यायचं बंद केलं आणि तोळ्याला बाविशीच्या आत-बाहेर असलेला भाव चार-सहा महिन्यांत तिशीला टेकला. भाताला भाव नव्हता, शेतसारा भरायचा होता, त्यामुळं मावळातली माणसं मिळेल ते घेऊन सराफाच्या ओट्यावर बसलेली. कुणाची नथ, कुणाची डोरल्याची वाटी. मला ना सारा भरायचा होता ना काही अडलं होतं. मला नुसता नफा दिसला. आजीला म्हटलं, "चव्वेचाळीसला आलेलं सोनं अठ्ठावन्नला जातंय. देऊन टाकू. पैसे पोस्टात ठेवू, व्याज येईल."

"अवं, रुपाया सरकारचा हाय. मणी माजा हाय."

"सरकार काय पळून चाललंय?"

"मला काय ठावं! पर लोक इकायला बसल्यात ते पोटासाठी. तुमी कशापायी?"

मी ऐकलं नाही. तिनंच दोरा तोडून मणी माझ्या हातरुमालात ओतले. नंतर एकदाही बोलून दाखवलं नाही. पुढच्या सुगीला परत लोणावळ्याला गेली आणि नवा पहिला मणी घेऊन आली. आता तो अडीच रुपयांना पडला होता.

पोस्टाच्या पुस्तकात आकडा वाढत होता. व्याजाचा दर मात्र तीनवरून खाली खाली येत गेला. मग ही दुसरी मोठी लढाई लागली. चांदीचा रुपया सरकारनं मागं घेतला, कागद हातात दिला. तांदूळ, रॉकेल, लुगडं, सगळं तिप्पट. माझ्या पुस्तकात व्याजासकट सत्तर रुपये होते आणि ते सत्तरच राहिले. पूर्वी त्यात वर्षाचा तांदूळ भरला असता, आता चार महिनेही पुरेना. सोनं ऐंशीच्या वर गेलं होतं. ते चोवीस मणी डब्यात असते तर कसर जाऊनही दीडशेच्या आसपास आले असते. सोन्यानं काही पराक्रम केला नव्हता. ते होतं तिथंच होतं, रुपया खाली बसला होता. पोरांना गणित घालताना मी रुपये मोजले, रुपयाला काय मिळतं ते मोजलं नाही. हे मी तिला एकदा कबूल केलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोस्टातलं काडा आन तांदूळ आना, आनिक महाग व्हायच्या आत." तसे ते पैसे संपले.

इथवर तुझंच म्हणणं खरं, म्हणशील. पुढचं वाच.

लढाई चालूच होती. श्रावणात तुझी आजी आजारी पडली. तू तेव्हा डेपोत नवीन, तुला सुट्टी नव्हती. छाती भरली, ताप उतरेना. घरून, टाकव्याहून, डोलीतून कामशेतला आणि आगगाडीनं लोणावळ्याला नेली. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, न्यूमोनिया आहे, नव्या गोळ्या निघाल्यात त्या लागतील, लष्कराकडून उरतील तेवढ्याच बाजारात येतात, बाजारपेठेतल्या औषधवाल्याकडं एक पुडी आहे, आत्ता जा.

औषधवाल्यानं पुडी काढून दाखवली. किंमत तिप्पट सांगितली. घासाघीस करायची माझी ताकद नव्हती. माझ्या खिशात सात रुपये आणि रुमालात तिचे नव्यानं जमलेले अकरा मणी. मी रुमाल सोडला. तो मागं सरकला. "मास्तर, हे मला काय कळतंय? पितळ असलं तरी मला सोनंच दिसणार. रोख आणा. संध्याकाळपर्यंत ठेवतो, पुढं ज्याचा पैसा त्याची पुडी."

सराफ चार दुकानं पलीकडं. ज्याच्याकडून आजीनं पस्तीस वर्षं मणी घेतले, तोच. त्यानं मणी ओळखले. दगडावर घासले, तेजाबाचा थेंब टाकला, वजन केलं आणि रुमालात परत बांधून माझ्यासमोर ठेवले.

"आज नको गुरुजी."

"का? तुमचेच आहेत."

"माझेच आहेत, कस चोख आहे. पण सरकारनं मुंबईत परदेशी सोनं विकायला काढलंय. भाव रोज पडतोय. सकाळपासून मुंबईहून भावाची तार नाही. मी कुठल्या भावानं घेऊ?"

"कुठल्याही घ्या. निम्म्यानं घ्या."

"आणि उद्या तुम्हीच गावभर सांगाल, बायको आजारी असताना सराफानं लुटलं."

"नाही सांगणार."

"तुम्ही नाही, गाव सांगेल. उद्या सकाळी तार येईल, पहिलं तुमचं काम करतो."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, म्हणून मला भांडताही येईना. मी त्याच्या ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो. तार आली नाही. औषधवाला फळ्या लावताना माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करून गेला.

दुसऱ्या दिवशी भाव आला. अकरा मणी झिजून अकरा मासे राहिले नव्हते. मणी दोन वाट्या जोडून केलेला असतो, त्या जोडाचा डाग, म्हणजे हलक्या धातूचा टाका, सराफानं वजा धरला, वितळवण्याची तूट धरली, शिवाय पडत्या भावाची भीती म्हणून थोडं स्वतःसाठी राखलं. अठ्ठेचाळीस रुपये हातात पडले. महिन्यापूर्वी साठाच्या वर आले असते. पण रडायचं कारण ते नव्हे. पुडी सकाळीच गेली होती. खंडाळ्याच्या कुठल्याशा बंगल्यातला नोकर रोख देऊन घेऊन गेला होता.

तिला डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवून मी पुण्याला गेलो. दोन दिवस पेठा पालथ्या घातल्या. गोळ्या मिळाल्या, पैसेही पुरले. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा तिनं मला ओळखलं. दोन गोळ्या गिळल्या. म्हणाली, "मनी इकलं का?" मी म्हटलं, इकलं. म्हणाली, "बरं केलं." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पहिल्या दिवशी गोळी मिळाली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तूही विचारू नकोस. मी रोज विचारतो, तेवढं पुरे.

तेव्हा माझं मत असं. सोनं वाईट नाही. दहा-वीस वर्षांत सरकार बदलतं, नाणं बदलतं, रुपयाचा जीव जातो, तेव्हा सोनं राहतं. ते त्याच कामाचं आहे. पण या आठवड्यात भाव काय असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पडत्या वेळी घेणारा मागं सरतो. भर चढलेल्या भावात ज्यांनी घेतलं ते त्या श्रावणात डोक्याला हात लावून बसलेले मी पाहिलेत. आता परत वर चढलंय म्हणून तू घ्यायला निघालास, हे मला दिसतंय. व्याज ते देत नाही, भूक भागवत नाही, आणि बाजारात जी वस्तूच नाही ती सोन्यानंही येत नाही.

पाटल्या तर मुळीच नकोत. घडणावळ देशील ती मोडताना कुणी परत देणार नाही. जोडाचा डाग वेगळाच. आणि एक पाटली अर्धी विकता येत नाही.

आधी सूनबाईच्या बाळंतपणाची रोख बाजूला काढ, आणि ती तुझ्याजवळ नको, तिच्या हातात दे. तू डेपोत असशील तेव्हा कळ येईल. मग चार महिन्यांचा तांदूळ भर. वर थोडे रुपये अडीअडचणीला असू देत. हे सगळं होऊन जे उरेल, शंभर म्हण, त्याचं सोनं घे, साधं वळं, पुढं मोडताना हळहळ वाटू नये असं. सगळं एका जागी ठेवू नकोस. मी एकदा सगळं पोस्टात ठेवलं, एकदा सगळं रुमालात.

सूनबाईला पाटल्यांची हौस असेल. तिचा राग माझ्यावर येऊ दे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हण. इथं माझ्यावर रागवायलाही कुणी नाही. सकाळी चहा करतो, दुपारी भात लावतो, तोच रात्री खातो. शाळेच्या बाजूला जात नाही, पोरं पाढे म्हणतात ते घरूनच ऐकू येतात.

रोख तिच्या हातात दिलीस की एक कार्ड टाक. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, तेवढी एक ओळ लिही. टपालवाला बाराच्या सुमाराला येतो. मी बाहेर बसलेला असतो.

तुझा,
आजोबा