एका कानात इंग्रजी, दुसऱ्यात बाबा

विनोद लिहून पोट भरतं हे आमच्या वारंगा फाट्यावर कुणालाच पटत नाही. मी इंग्रजी विनोदी मालिकांचे संवाद मराठीत करते, पुण्यातले कलाकार ते बोलतात आणि मालिका मराठीतून दिसते. हे सगळं ऐकून घेतल्यावर शेजारीण मला नोकरी कधी लागणार म्हणून विचारतेच.

या कामात शब्दांपेक्षा जास्त छळतो तो हशा. प्रेक्षकांचं हसू मालिकेत आधीच भरलेलं असतं, ते पुढेमागे करता येत नाही. मराठी वाक्य लांबलं तर गमतीचा शब्द हशाखाली बुडतो. लवकर संपलं तर पात्र नुसतंच तोंड हलवतं आणि मग लोक कशाला हसले ते कळत नाही. ओठ मिटले की वाक्य मिटलं पाहिजे.

त्यासाठी माझी एक पद्धत होती. एका कानात इअरफोन, त्यात मूळ इंग्रजी. दुसरा कान बाबांसाठी मोकळा. चित्र बघत मी मराठी वाक्य मोठ्यानं म्हणायची आणि समोर बाजेवर बसलेले बाबा ऐकायचे. दोन्ही कानांत हसू एकदम आलं की वाक्य पास. बाबा एसटीत कंडक्टर होते, उभ्या गर्दीला हसवत तिकिटं फाडलेला माणूस. लेकीचं मन राखायला म्हणूनसुद्धा त्यांना खोटं हसता यायचं नाही. वाक्य फसलं की ‘न्हाई जमलं’ म्हणून पाय हलवत बसायचे, आणि मी चिडायची.

मागच्या वर्षी ते उशिरा हसायला लागले. मला वाटलं, माझीच वाक्यं लांबताहेत. मी ती कापत सुटले. पुण्याहून डबिंगच्या दिग्दर्शकाचा फोन आला, हल्ली संवाद फार बांधेसूद येताहेत म्हणाला. मी खूश. कसली खूश, डोंबल! एका दुपारी बाबांनी वाक्याच्या मधेच मला थांबवलं आणि हा माणूस कोण, तो कुठं चालला म्हणून विचारलं. ते मी नुकतंच वाचून दाखवलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. परतताना जीपमध्ये मला सगळा उलगडा झाला. शेवटाला हसायचं तर सुरुवात धरून ठेवावी लागते. बाबांच्या हातून सुरुवातच सुटत होती, आणि मी इकडे शब्द मोजत बसले होते.

हळूहळू हसणं थांबलं. पाय हलवणंही थांबलं. मी तरी रोज त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसायची. मालिका गेली खड्ड्यात, बाबांनी एकदा, फक्त एकदा वेळेवर हसावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी प्रत्येक भागातून सगळ्यात आखूड विनोद शोधून काढायची.

असाच एक सापडला. एक म्हातारा पाहुण्याला सांगतो की बायकोच्या स्वयंपाकाला त्यानं जन्मात कधी नावं ठेवली नाहीत. मग जरा थांबून म्हणतो, तिच्या पहिल्या नवऱ्यानं ठेवली होती. इंग्रजीत हा शेवट चिमूटभर आहे. मराठीत ‘तिच्या पहिल्या नवऱ्यानं’ म्हटलं की गंमत तिथंच फुटते, आणि मागचं ‘ठेवली होती’ हशाखाली जातं. सकाळभर मी त्याच्याशी झटले. शेवटी वाक्य फिरवलं, नवऱ्याला टोकाला नेलं.

दुपारी बाबांच्या पुढ्यात बसून मी म्हटलं, “हिच्या स्वयंपाकाला मी कधी नावं ठेवली नाहीत.” पडद्यावरचा म्हातारा थांबला, मीही थांबले. मग म्हटलं, “ज्यानं ठेवली, तो पहिला नवरा.”

बाबा हसले. इअरफोनमध्ये हशा उठला त्याच क्षणी, मान मागे टाकून, पूर्वीसारखे खो खो. त्यांचा हात धरावा म्हणून मी पुढं सरकले, तसा त्यांनी सदरा सारखा केला आणि बाजेवर जरा अंग चोरून बसले. परक्या बाईसमोर बसतात तसे.

“लय चांगलं सांगता बाई तुमी,” ते म्हणाले. “घरी वडील हायेत ना? त्यायला वाचून दाखवा हे. लय हसतील.”

मी “व्हय, दाखवते” म्हणाले.