सतरा नंबरची हजेरी

चिठ्ठीत काय लिहायचं यावरून आमच्या घरात भांडण झालं. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो, आणि धाकटी तिसरीत होती. सोमवारी शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ पलंगाखाली जाऊन बसली. काही केल्या बाहेर येईना. शेवटी मी पोटावर झोपून आत डोकं घातलं, तेव्हा कानात पुटपुटली, "आई, ती हजर म्हणाली."

ती म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. पंधरा दिवसांपूर्वी घटसर्पानं गेली होती बिचारी. तिचा हजेरीनंबर सतरा, आमचीचा अठरा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तोंडानं मी "चल, वेडी कुठली" असंच म्हटलं.

मंगळवारी सकाळी गणवेश दाखवला तर पोर थरथरायला लागली. चार दिवस घरी ठेवायचं ठरलं. आमचे हे म्हणाले, "ताप आलाय असं लिही आणि मोकळी हो."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "घटसर्पानं पोर गेलीय त्या वर्गातली. ताप म्हटलं की शाळा डॉक्टरचं सर्टिफिकेट मागणार, आणि निम्म्या आया आपल्या मुली घरी ठेवणार."

"मग खरं लिही."

खरं! शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकून एव्हाना मिरच्या-मीठ काढून ठेवलं होतं आणि कोकणातल्या कुणा देवऋष्याचा पत्ताही सांगितला होता. शाळेत एकदा का "हिला लागलंय" असं झालं की पोरीची वाट लागली. तिच्याशेजारी कोण बसणार? मला तिची दृष्ट काढायची नव्हती, तिला परत वर्गात बसवायचं होतं.

तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं: "वर्गशिक्षिका बाईंस, मुलीचे मन अस्वस्थ आहे. ताप, खोकला काही नाही. शनिवारपर्यंत घरी ठेवीत आहे. राहिलेला अभ्यास करून घेईन. कृपा करून मुलींना चौकशीस पाठवू नये." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दोन दिवस कुणी आलं नाही की बाई वर्गातल्या दोघींना घरी पाठवायच्या, आणि त्या दोघी परत जाऊन सगळं सांगायच्या.

चिठ्ठी मी स्वतःच घेऊन गेले. मधली सुट्टी होती. वर्ग रिकामा, बाई एकट्याच टेबलाशी. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली. माझ्या मनात आलं, आता विचारणार, काय झालं म्हणून. उत्तर पाठच करून गेले होते.

बाईंनी एवढंच विचारलं, "सोमवारपासून का?"

मी मान हलवली.

त्यांनी हजेरीपट माझ्याकडे फिरवला. सतराव्या नावापुढे पंधरा दिवस कोरे होते. सोमवारच्या चौकोनात मात्र निळ्या शाईनं स्वच्छ "ह" लिहिलेला.

"नाव कापायला हात धजला नाही," बाई म्हणाल्या. "सवयीनं रोज सतरा पुकारते आणि मग गप्प होते. पण हजर ऐकल्याशिवाय मी ह लावत नाही."

तरी आईचा जीव, मी म्हटलं, "आमचीच बोलली असेल. मैत्रीण उशिरा आली की हजेरी द्यायची ती."

"मलाही आधी तेच वाटलं. म्हणून वर बघितलं." बाई बाकाकडे पाहत होत्या. "तुमच्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं."

बाहेर मुली लंगडी खेळत होत्या, त्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"मी कुणाशी काही बोललेले नाही," मी म्हटलं.

"मीही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी लाल टाक उचलला, सतराव्या नावावर आडवी रेघ मारली आणि टिपकागद दाबला. आमच्या पोरीपुढे "रजा" लिहिलं. "सोमवारी पाठवा तिला. चौकशीला कुणी येणार नाही."

सोमवारी तिला आत सोडून मी खिडकीबाहेर उभी राहिले. लाज कसली! पंधरा. सोळा. बाई थांबल्या नाहीत. अठरा. पोर मोठ्यानं म्हणाली, "हजर बाई!" मला रडूच फुटलं. पण खरं सांगायचं तर सोळा आणि अठराच्या मधे मी कान टवकारून उभी होते.

संध्याकाळी ती भात कालवत होती. मी काही विचारलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आज ती बोलली नाही." मग घास तसाच हातात धरून म्हणाली, "तिला कुणी बोलावलंच नाही ना."