पिवळ्या कागदावर राहून गेलेलं वजा

खोपोलीत मी बारावीच्या गणिताचा क्लास चालवायची. आता कर्जतला असते, गुडघे बोलायला लागल्यापासून क्लास बंद. मागच्या दिवाळीनंतर पोस्टानं एक जाड पाकीट आलं. हल्ली मला पत्र कोण पाठवतंय? मला वाटलं, कुणाची तरी पत्रिका असेल.

साजगावच्या एका कारखान्यात मशीन चालवणाऱ्या माणसाचं पत्र होतं. वय एक्केचाळीस. बावीस वर्षांपूर्वी माझ्याच क्लासला होता, बारावीला गणितात नापास झाला आणि शिक्षण सोडलं. मागाहून कधीतरी बारावी काढली, आणि आता बाहेरून बी.एस्सी.ला नाव घातलं होतं.

"बाई, डेरिव्हेटिव्ह अजून येतात, पण इंटिग्रेशन हाताला लागत नाही. पुन्हा कुठून सुरुवात करू? फोनवर गणित सांगता येत नाही आणि शिफ्टमुळे यायला जमत नाही, म्हणून लिहितो. तुमचा कागद रोज पाठ करतो. पण टॅन एक्सपाशी अडतो. कागदावर उत्तर लॉग कॉस एक्स आहे. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढलं की वजा टॅन एक्स येतो. दहा वेळा केलं. माझं कुठं चुकतं ते सांगा. नाहीच जमण्यासारखं असलं तर तसंही सांगा, या वेळी कायमचं सोडतो. तुमचा शब्द मी तेव्हाही मानला होता."

सोबत कागदाची झेरॉक्स. अक्षर माझंच.

हा कागद म्हणजे आमच्या क्लासचा कायदा होता. पिवळ्या कागदावर इंटिग्रेशनची सगळी सूत्रं, गणपतीच्या आत तोंडपाठ, आणि एकेकानं उभं राहून म्हणून दाखवायची. कशावरून आलं, असं कुणी विचारलेलं मला खपायचं नाही. पोर्शन संपवायचा की यांच्या शंका निस्तरत बसायचं, असा माझा खाक्या. त्या वर्षीच्या कागदावर टॅनच्या उत्तरामागचं वजा लिहायचं राहिलं होतं.

आणि तो मुलगा मला आठवला. मागच्या बाकावरून उठून वही घेऊन आला होता. "बाई, उलट करून बघितलं, पडताळा जुळत नाय." मी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "कागदावर हाय ते पाठ कर रं. गणित तुझ्या डोक्याचं काम नाय." वर्ग हसला. मीही हसले असेन. त्यानंतर तो दोन-चार दिवस आला, मग आलाच नाही.

याहून वाईट पुढे आहे. चूक मला पुढच्याच वर्षी सापडली. नव्या कागदावर गुपचूप वजा घातलं आणि जुन्या मुलांना कळवायचं काही मनावर घेतलं नाही. गेली ती बॅच, म्हटलं. ते पत्र वाचून वाटली तितकी स्वतःची लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

उत्तराचे तीन कागद फाडले. चौथ्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं, "चूक तुमची नाही, माझी आहे." एकेकाळी ज्याला अरे-तुरे केलं त्याला आता अहो-जाहो केलं. मग टॅन मांडून दाखवला. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस. कॉस एक्सला टी म्हणा, मग वजा साइन एक्स डीएक्स म्हणजे डीटी. वजा इथून येतं, म्हणून उत्तर वजा लॉग कॉस एक्स, अधिक सी.

पुढे लिहिलं, "कागद बाजूला ठेवा. पंधरा दिवस नुसती डेरिव्हेटिव्ह करा, हात बसू द्या. मग रोज पाचच इंटिग्रेशन. आधी सब्स्टिट्यूशनची, ती सुटायला लागली की बाय पार्ट्स. प्रत्येक उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ गणित परत आलं तरच पुढे जा. ही सवय तुम्हाला आधीपासून आहे. मीच ती मोडायला निघाले होते. सोडू नका." माफ करा असंही लिहिलं. ते फार तोकडं वाटलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. पाच गणितं सोडवलेली, प्रत्येकाखाली पडताळा. लाल पेन शोधून मी तपासायला बसले. पाचही बरोबर होती, अधिक सी कुठेही विसरला नव्हता. शेवटच्या गणिताखाली थोडी जागा सोडून लिहिलं होतं.

"बाई, तुमचं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणजे त्या दिवशी माझं बरोबर होतं. क्लास सोडला तेव्हा आईला मी सांगितलं होतं, की माझं डोकंच गणिताचं नाही. फी भरायला तिनं लोकांच्या शेतावर लावणी केली होती. तीन वर्षं झाली तिला जाऊन. तिला शेवटपर्यंत तेच खरं वाटत राहिलं."